शीटमध्ये दिशाकोन १६ ऐवजी ७४ येतो, मध्यबिंदू भलत्याच समुद्रात पडतो: कारण आणि दुरुस्ती

आमच्या कोल्हापूरच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, गटात ही तक्रार तिसऱ्यांदा आली, म्हणून यावेळी नीट लिहून ठेवतो. तक्रार अशी. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश शीटमध्ये टाकले की अँटेना कुठे वळवायची तो सुरुवातीचा दिशाकोन आणि बृहद्वृत्तावरचा, म्हणजे ग्रेट सर्कल या गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेवरचा, मध्यबिंदू मिळायला हवा. उत्तर मिळतं, कुठलीही एरर येत नाही, पण उत्तर चुकीचं असतं.

यावेळी अडकला होता नुकताच परवाना मिळालेला एक कॉलेजचा मुलगा. राजारामपुरीत घराच्या गच्चीवर त्याने तीन एलिमेंटची यागी अँटेना चढवली, ती फिरवणारा रोटर बसवला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या एका स्टेशनसाठी शीटने सांगितलेल्या ७४ अंशांवर ती वळवली. चार दिवस झाले तरी कॅलिफोर्नियाचा आवाज नाही. ऐकू येत होती ती सगळी चीनकडची स्टेशनं, तीही खणखणीत. तो म्हणाला, "काका, अमेरिका आपल्या पूर्वेलाच ना? मग ७४ बरोबरच असणार. अँटेनातच काहीतरी खोट आहे."

अँटेना ठणठणीत होती. कोल्हापूरहून सुमारे ७५ अंशांवर हाँगकाँग येतं, त्यामुळे त्याची यागी जिकडे पाहत होती तिकडचंच तिला ऐकू येत होतं. खोट शीटमध्ये होती.

आधी खरं उत्तर

कोल्हापूर मी १६.७०५० उत्तर, ७४.२४३३ पूर्व धरतो. सॅन फ्रान्सिस्को ३७.७७४९ उत्तर, १२२.४१९४ पश्चिम, पश्चिम असल्याने शीटमध्ये तो रेखांश उणे लिहायचा. या दोहोंमधला सुरुवातीचा दिशाकोन १५.७ अंश आहे. म्हणजे जवळजवळ उत्तर, किंचित पूर्वेला झुकलेली. अंतर सुमारे १३,७१० किलोमीटर. मध्यबिंदू ७१.४१ उत्तर, १२२.७४ पूर्व, म्हणजे सायबेरियात, यकुतियामध्ये, लेना नदीच्या मुखाच्या पश्चिमेला.

मुलाचा यावर विश्वास बसेना. मग त्याच्या धाकट्या बहिणीचा पृथ्वीगोल आणला आणि एक दोरा घेतला. दोऱ्याचं एक टोक कोल्हापूरवर अंगठ्याने दाबलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणला. ताणलेला दोरा गोलावर आपणहून सर्वांत जवळची वाट धरतो. आधी तो जपानवरून, पॅसिफिकवरून ठेवला होता, पण ओढल्याबरोबर वर सरकत गेला आणि सायबेरियाच्या उत्तर किनाऱ्यावर, ध्रुवाच्या अलीकडे जाऊन थांबला. मोजून पाहिलं तर या वाटेचं सर्वांत उत्तरेचं टोक ७५ अंश अक्षांशाजवळ येतं. पॅसिफिक मधोमध ठेवलेल्या सपाट नकाशात अमेरिका पूर्वेला दिसते हे खरं, पण त्या नकाशातली सरळ रेषा ही जवळची वाट नसते. आणि ही चूक वर्षानुवर्षं टिकते ती यामुळेच: ७४ हा आकडा नकाशाशी जुळतो, त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही.

७४ कुठून आला

त्याच्या बाबतीत एक विचित्र योगायोग होता, आणि त्यात आमचा अर्धा तास गेला. शीटचं उत्तर होतं ७४.२६. कोल्हापूरचा रेखांश ७४.२४. आम्हाला दोघांनाही वाटलं की सूत्र कुठेतरी चुकीच्या सेलकडे बोट दाखवतंय आणि रेखांशच परत देतंय. सगळे सेल तपासले, सगळे बरोबर. शेवटी दुसरं ठिकाण टाकून पाहिलं, तेव्हा उत्तर बदललं आणि रेखांशाचा संशय फिटला.

खरं कारण ९० मधून १५.७४ वजा केले की दिसतं: ७४.२६. सूत्रात दोन घटक असतात. एक पूर्वेकडचा, त्याला `y` म्हणू. दुसरा उत्तरेकडचा, तो `x`.

```
y = sin(Δλ)·cos(φ2)
x = cos(φ1)·sin(φ2) − sin(φ1)·cos(φ2)·cos(Δλ)
θ = atan2(y, x)
```

इथे `φ` अक्षांश, `Δλ` रेखांशांतला फरक, दुसऱ्यातून पहिला वजा करून. पायथन, सी, जावास्क्रिप्ट या भाषांमध्ये `atan2` आधी `y` घेतं, मग `x`. एक्सेल, गूगल शीट्स आणि लिबरऑफिस कॅल्कमध्ये `ATAN2` आधी `x` घेतं, मग `y`. एखाद्या प्रोग्रॅममधून सूत्र उचलून जसंच्या तसं शीटमध्ये ठेवलं की दोन्ही घटकांची अदलाबदल होते आणि कोन ९० मधून वजा होऊन येतो. शीटला तक्रारीचं काही कारण नसतं, कारण तिच्या दृष्टीने दोन चांगले आकडे आलेत.

ही अदलाबदल ईशान्य-नैर्ऋत्य रेषेवर आरसा धरावा तशी वागते. खरी दिशा ४५ किंवा २२५ च्या आसपास असेल तर उत्तर जवळपास बरोबरच येतं. म्हणून एखाद्याने शीट नेमकी ईशान्येकडच्या गावासाठी तपासली असेल तर ती पास होते, आणि नंतर उत्तरेकडच्या ठिकाणाला दगा देते.

दुरुस्त केलेलं सूत्र हे. `B2`, `B3` मध्ये आपला अक्षांश-रेखांश, `C2`, `C3` मध्ये समोरच्याचा. मधल्या पायऱ्या वेगळ्या सेलमध्ये ठेवल्या की चूक शोधणं सोपं जातं.

```
B6: =COS(RADIANS(C2))*COS(RADIANS(C3-B3))
B7: =COS(RADIANS(C2))*SIN(RADIANS(C3-B3))
B8: =COS(RADIANS(B2))*SIN(RADIANS(C2))-SIN(RADIANS(B2))*B6
B9: =MOD(DEGREES(ATAN2(B8,B7)),360)
```

`B7` हाच वरचा `y`, `B8` हा `x`. सॅन फ्रान्सिस्कोसाठी `B7` मध्ये 0.2266 आणि `B8` मध्ये 0.8044 दिसायला हवं. उत्तरेकडचा घटक पूर्वेकडच्यापेक्षा साडेतीन पट मोठा आहे, म्हणजे दिशा उत्तरेला चिकटून असणार, हे कोन काढण्याआधीच कळतं. मी नेहमी आधी हे दोन आकडे बघतो, कोन नंतर.

मध्यबिंदूचं दुखणं

मध्यबिंदू कशासाठी, असं एकाने विचारलं होतं. लांबच्या संपर्कात मार्गावर दिवस आहे की रात्र यावर बरंच अवलंबून असतं, आणि मधला भाग कुठे आहे हे कळल्याशिवाय ते सांगता येत नाही. या मार्गाचा मध्य ७१ अंशांच्या वर असल्याने ऐन डिसेंबरात तिथे सूर्य उगवतच नाही आणि जूनमध्ये मावळत नाही. कोल्हापुरातलं घड्याळ बघून त्याचा अंदाज बांधता येणार नाही.

बहुतेकांच्या शीटमध्ये मध्यबिंदू म्हणजे दोन अक्षांशांची सरासरी आणि दोन रेखांशांची सरासरी असते. कोल्हापूर ते पन्हाळा एवढ्या अंतरात त्याने काही बिघडत नाही. पण इथे सरासरी काढली तर २७.२४ उत्तर, २४.०९ पश्चिम येतं. हे ठिकाण आहे अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या पश्चिमेला. आपल्या वाटेशी त्याचा काहीही संबंध नाही. सरासरी घेताना ७४ पूर्वेपासून १२२ पश्चिमेपर्यंत आपण शून्य रेखांशावरून, म्हणजे लांबच्या बाजूने गेलो. तारीखरेषेच्या बाजूने फक्त १६३ अंश आहेत, या बाजूने १९७.

बरोबर सूत्र असं:

```
B10: =DEGREES(ATAN2(SQRT((COS(RADIANS(B2))+B6)^2+B7^2),
      SIN(RADIANS(B2))+SIN(RADIANS(C2))))
B11: =MOD(B3+DEGREES(ATAN2(COS(RADIANS(B2))+B6,B7))+540,360)-180
```

`B10` अक्षांश देतो, `B11` रेखांश. यामागचा विचार साधा आहे. पृथ्वीच्या केंद्रापासून दोन्ही गावांकडे दोन बाण काढायचे, त्यांची बेरीज करायची. बेरजेचा बाण जिथे पृष्ठभागाला भेदतो तो मध्य. सरासरी घ्यायची ती बाणांची, कोनांची नाही.

`ATAN2` ची अदलाबदल इथेही होते, आणि इथे दोनदा होते. तशी झाली तर याच जोडीसाठी १८.५९ उत्तर, ११५.७५ पूर्व येतं, म्हणजे दक्षिण चीन समुद्र. त्या मुलाच्या शीटमध्ये नेमका हाच आकडा होता. आणि त्यालाही तो पटला होता, कारण ७४ अंशांच्या चुकीच्या दिशेला तो बऱ्यापैकी जुळत होता! दोन चुका एकमेकींना साक्ष देत होत्या.

मध्यबिंदू तपासण्याची खात्रीची रीत म्हणजे त्याचं दोन्ही टोकांपासूनचं अंतर काढणं. दोन्हीकडे सारखं यायला हवं आणि एकूण अंतराच्या निम्मं यायला हवं. आपल्या उदाहरणात दोन्हीकडे ६,८५६ किलोमीटर येतं. नुसतं सारखं येऊन भागत नाही, कारण दोन्ही टोकांपासून समान अंतरावर असलेले बिंदू पृथ्वीवर कितीतरी असतात. निम्मं येणं हीच अट महत्त्वाची.

`B11` मधलं ते 540 आणि 180 काढून टाकू नका. कोल्हापूरकडून काढताना ते लागत नाही, पण टोकं उलटी करून सॅन फ्रान्सिस्कोकडून काढलं की कच्चा रेखांश उणे २३७.२६ येतो. त्यात ३६० मिळवले की तोच १२२.७४. दोन्ही बाजूंनी काढून एकच ठिकाण येतं का, ही चाचणीही त्यामुळे आपोआप होते.

उलटी दिशा १८० मिळवून काढू नका

हा प्रश्न दरवेळी येतो: समोरच्याने अँटेना आपल्याकडे कुठे वळवायची? १५.७ मध्ये १८० मिळवून १९५.७ सांगणारे बरेच भेटतात. खरं उत्तर आहे ३४०.८. सॅन फ्रान्सिस्कोवाल्यालाही आपण उत्तरेकडेच दिसतो.

बृहद्वृत्तावर चालताना दिशाकोन सतत बदलत असतो, म्हणून तर त्याला "सुरुवातीचा" म्हणतात. आपण १५.७ ने निघतो, सायबेरियातल्या मध्यावर पोचतो तेव्हा तो ५४.६ झालेला असतो, आणि सॅन फ्रान्सिस्कोत शिरताना १६०.८. म्हणजे शेवटी आपण दक्षिणेकडे तोंड करून उतरतो. उलटी दिशा हवी असेल तर `B` आणि `C` स्तंभांतले आकडे अदलाबदल करून तेच सूत्र चालवायचं. कच्चं उत्तर उणे १९.१९ येतं आणि `MOD` त्याचं ३४०.८१ करतो.

१९५.७ हा आकडा निरुपयोगी नाही, पण त्याचा अर्थ वेगळा. तो आपल्याच गच्चीवरून निघणारा लांबचा मार्ग, लाँग पाथ. लहरी कधीकधी त्या बाजूनेही येतात.

बाकीच्या तीन चुका आणि त्यांच्या खुणा

पहिली, अंश आणि रेडियन. शीटमधलं `SIN` रेडियन मागतं. कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये `=SIN(30)` लिहा, -0.98803 येईल. अर्धा हवा असेल तर `=SIN(RADIANS(30))`. एखाद्या ठिकाणी `RADIANS` राहून गेलं की गाव दहा-वीस किलोमीटर सरकवलं तरी दिशाकोन कित्येक अंशांनी उडी मारतो. असं दिसलं की आधी हेच शोधा.

दुसरी, `ATAN2` ऐवजी साधं `ATAN`. काहीजण `ATAN(y/x)` लिहितात आणि उत्तरेकडच्या गावांसाठी ते चालतंही. भागाकारात दोन्ही चिन्हांची माहिती हरवते. कोल्हापूरहून ऑस्ट्रेलियातलं पर्थ घ्या: ३१.९५ दक्षिण, ११५.८६ पूर्व. खरा दिशाकोन १४०.७. `ATAN` देतं उणे ३९.३, म्हणजे ३२०.७, नेमकं पाठीमागे. बरोबर १८०चा फरक दिसला की ही चूक.

तिसरी, आकडे टाकतानाची. कोल्हापूर १६ अंश ४२ मिनिटांवर आहे, म्हणून कुणी १६.४२ टाकतं. बेचाळीस मिनिटं म्हणजे ०.७० अंश. या चुकीने आपली गच्ची ३१ किलोमीटर दक्षिणेला जाते. लांबच्या दिशाकोनात ते लपून जातं, जवळच्यात नाही. याहून घातक म्हणजे पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह विसरणं. सॅन फ्रान्सिस्को मग चीनच्या शानतुंग द्वीपकल्पाजवळच्या समुद्रात जाऊन बसतं आणि दिशाकोन ५३.५ येतो. हाही आकडा पाहणाऱ्याला खरा वाटतो.

आणखी एक गोष्ट चूक वाटते, पण चूक नाही. दोन्हीकडे एकच ठिकाण टाकलं तर एक्सेल आणि गूगल शीट्सच्या `B9` मध्ये `#DIV/0!` दिसतं. दिशाच नसते, म्हणून शीट उत्तर देत नाही, आणि ते योग्यच आहे. पायथन अशा वेळी शून्य देतं, जे "उत्तर" असं वाचलं जाऊ शकतं. कोल्हापूरच्या बरोबर पलीकडे, पॅसिफिकमध्ये १६.७०५ दक्षिण, १०५.७५६७ पश्चिम इथे कुणी असेल तर त्याच्याकडे कुठूनही गेलं तरी अंतर सारखंच, त्यामुळे एकच दिशा किंवा एकच मध्यबिंदू असा नसतोच. त्या बिंदूच्या जवळ शीट जे आकडे देईल त्यांवर भरवसा ठेवू नका.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, हे मला ठाऊक आहे. गोल धरल्याने अंतरात अर्ध्या टक्क्यापर्यंत आणि दिशेत फार तर अंशाच्या काही दशांशांचा फरक पडतो. तीन एलिमेंटच्या यागीचा झोत साधारण साठ अंश रुंद असतो, तिला याचं काही वाटत नाही. ५८ अंशांची चूक मात्र तिला नक्की कळते: झोताच्या कडेच्याही बाहेर जातं सगळं. जमीन मोजणीचं काम असेल तर हे सूत्र वापरू नये, तिथे लंबगोलाची सूत्रं लागतात.

पन्हाळ्याची चाचणी

शीट दुरुस्त झाल्यावर मी दोन ओळी कायमच्या घालून ठेवल्या. एक पर्थची, १४०.७ यायला हवं. दुसरी पन्हाळ्याची: १६.८१ उत्तर, ७४.११ पूर्व, दिशाकोन सुमारे ३०९, सरळ अंतर सुमारे १८ किलोमीटर. पन्हाळा वायव्येला आहे हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. `ATAN2` उलटं झालं तर हाच कोन १४१ येतो, म्हणजे गड थेट आग्नेयेला, आणि चूक शाळकरी पोरालाही दिसते. `ATAN` असेल तर हा आकडा बरोबर येतो आणि पर्थचा चुकतो, म्हणून दोन्ही ओळी हव्यात.

पन्हाळ्याचा दुसरा उपयोग रोटरसाठी झाला. शीटमध्ये १५.७ आल्यावर मुलाने यागी १६ वर नेली आणि तरी समाधानकारक काही ऐकू येईना. आता शीट बरोबर होती, मग रोटरचा शून्य खरंच उत्तरेला आहे का, हा प्रश्न उरला. त्याने तो मोबाइलच्या होकायंत्रावर, लोखंडी मास्टला टेकून लावला होता. चुंबकीय आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्याकडे एका अंशाच्या आसपास, तो सोडून देता येतो. पण लोखंडाजवळ होकायंत्र कितीही भरकटतं.

पाऊस सरला होता, हवा धुतल्यासारखी स्वच्छ होती आणि गच्चीवरून पन्हाळ्याचा माथा दिसत होता. मी मास्टच्या मागे उभा राहून बूमच्या नळीवरून नजर लावली, तो खाली कंट्रोलरपाशी बसला. "अजून थोडं... अजून... थांब." नळी गडाच्या रेषेत आली तेव्हा कंट्रोलरवर ३३२ होतं. हवं होतं ३०९. तेवीस अंशांची खोट. क्लँपचे दोन्ही बोल्ट सैल केले, कंट्रोलर ३०९ वर नेला, बूम हाताने पुन्हा गडावर आणून बोल्ट आवळले, आणि मग यागी १६ वर फिरवली.